आमची वाटचाल : झेरॉक्सच्या दुकानापासून फोटोवरून कोटेशनपर्यंत

आमचं मूळ दुकान कोर्टाच्या मागच्या गल्लीत, साताऱ्यात. एक झेरॉक्स मशीन, एक स्पायरल बायंडिंगचं मशीन आणि बाहेर वकिलांच्या कारकुनांची रांग. पुढं झेरॉक्सचं काम हळूहळू कमी होत गेलं आणि लोक विचारायला लागले की जुन्या फायली कॉम्प्युटरवर टाकून देता का, मग कागद आपोआप आत ओढणारा एक सेकंडहँड स्कॅनर घेतला आणि तिथून स्कॅनिंगची लाइन सुरू झाली. आता पतसंस्था, सोसायट्या, वकील, एक-दोन शाळा असं काम असतं.

या धंद्यात रेट ठरवणं अवघड नाही, पानामागं इतके पैसे सांगून मोकळं होता येतं. अवघड आहे ते पानं किती आहेत हे कळणं. गिऱ्हाईक फोनवर म्हणतं "असतील हो पाच-सहा हजार", आणि कपाट उघडलं की निघतात पंधरा हजार, किंवा दोनच हजार. प्रत्येक ठिकाणी बघायला जायचं म्हणलं तर पाटण, दहिवडी, कोरेगाव असं फिरण्यातच पेट्रोल आणि अख्खा दिवस जातो, आणि काम मिळेलच असंही नाही. म्हणून आम्ही फोटो मागवायला लागलो आणि फोटोवरून कागद मोजायची पद्धत बसवली. हे लिहितोय ते मुख्यतः त्याबद्दलच, कारण या लाइनमधली नवीन पोरं तेच विचारतात.

सगळ्यांना माहीत असलेला हिशोब म्हणजे पाचशे कागदांचा रिम साधारण पाच सेंटिमीटर, म्हणजे एक कागद 0.1 मिलिमीटर. कोऱ्या 75 जीएसएमच्या रिमला हे ठीक बसतं. पण जुनी फाइल म्हणजे कोरा रिम नाही. कागद वापरलेला, घड्या पडलेल्या, एखाद्या पावसाळ्यात ओल लागून सुरकुतलेला, मधे स्टँप पेपर, मधे पातळ कार्बन कॉपी. दोन कागदांमधे हवा राहते आणि गठ्ठा फुगतो. म्हणून त्याच गठ्ठ्यातले काही कागद मोजायचे, त्यांची जाडी पट्टीवर बघायची आणि त्यावरून पूर्ण गठ्ठ्याचा हिशोब करायचा.

"काही कागद" म्हणजे किती, इथंच खरी गोम आहे. पट्टीवर अर्धा मिलिमीटर इकडं-तिकडं होतंच, डोळा कितीही चांगला असू दे. दहा कागद घेतले तर त्यांची जाडीच मिलिमीटरभर, म्हणजे अर्धा हिशोब अंदाजपंचे. पन्नास घेतले की चूक दहा टक्क्यांच्या आसपास येते, शंभर घेतले की पाचच्या खाली. म्हणून आम्ही शंभरच सांगतो, लोक कंटाळतात पण मोजतात.

दुसरं म्हणजे ते शंभर कागद वेगळे काढून टेबलावर ठेवायचे नाहीत. सुटे ठेवले की ते फुगून बसतात, गठ्ठ्यातले मात्र वरच्या वजनानं दाबलेले असतात. मग एका कागदाची जाडी जास्त निघते आणि एकूण आकडा कमी येतो, म्हणजे नुकसान आमचंच. त्यापेक्षा गठ्ठ्याच्या साधारण मधे एक रंगीत चिठ्ठी घालायची, तिथून शंभर कागद मोजायचे आणि दुसरी चिठ्ठी घालायची. वर एखादी जाड वही ठेवून सगळं नीट बसू द्यायचं आणि मग फोटो. म्हणजे नमुना आणि गठ्ठा दोन्ही एकाच दाबाखाली आणि एकाच फोटोत.

फोटो काढताना स्टीलची फूटपट्टी गठ्ठ्याच्या कडेला चिकटून उभी. प्लॅस्टिकच्या पट्टीला शून्याच्या आधी थोडी मोकळी जागा असते, ती टेबलावर उभी केली की शून्यच वर सरकतं आणि गठ्ठा आहे त्यापेक्षा बुटका वाचला जातो. पट्टी गठ्ठ्याच्या मागं टेकवून तर अजिबात ठेवायची नाही. मोबाइल 40 सेंटिमीटरवर असेल आणि पट्टी कडेपासून चार सेंटिमीटर मागं असेल तर पट्टी लहान दिसते आणि गठ्ठा दहा टक्के जास्त उंच वाटतो, दिसायला मात्र फोटो एकदम व्यवस्थित! मोबाइल गठ्ठ्याच्या मधल्या उंचीला सरळ धरायचा, मीटरभर लांब उभं राहून झूम करायचं. आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगतो, कारण साधा पाठवला की तो दाबून लहान होऊन येतो.

एक उदाहरण सांगतो. एका पतसंस्थेच्या कर्जफायलींचा गठ्ठा होता, तिथल्या मॅनेजर साहेबांनी सांगितल्याप्रमाणे फोटो पाठवला. कॉम्प्युटरवर मोठा करून बघितलं तर पट्टीचे दहा मिलिमीटर म्हणजे 138 पिक्सेल, आणि पूर्ण गठ्ठा 2760 पिक्सेल, म्हणजे बरोबर वीस सेंटिमीटर. रिमच्या हिशोबानं हे दोन हजार कागद झाले असते. पण चिठ्ठ्यांमधले शंभर कागद 162 पिक्सेल भरले, म्हणजे पावणेबारा मिलिमीटरच्या आसपास. 2760 भागिले 162 गुणिले शंभर, आले 1704. कडा थोड्या धूसर होत्या म्हणून तीन पिक्सेल इकडं-तिकडं धरले तर 1673 ते 1736. आम्ही कोटेशनमधे "अंदाजे 1670 ते 1740 कागद" असं लिहिलं, स्कॅनरच्या काउंटरनं शेवटी 1718 दाखवले. हाच फोटो दाबून आला असता तर शंभर कागदांना जेमतेम 65 पिक्सेल मिळाले असते, मग दोन्ही कडांना एकेक पिक्सेल चुकला तरी तीन टक्के गेले.

हुशार वाचकाच्या लक्षात आलं असेल की या हिशोबात पट्टी लागलीच नाही, चिठ्ठ्यांचं अंतर आणि गठ्ठ्याची उंची यांचं गुणोत्तरच पुरलं. तरी पट्टी आम्ही मागतोच. शंभर कागदांची जाडी आठ मिलिमीटर किंवा वीस मिलिमीटर निघाली तर कळतं की मोजताना काहीतरी गडबड आहे, बहुतेक वेळा पन्नासला शंभर म्हणलेलं असतं किंवा मधे पुठ्ठ्याची कव्हरं आलेली असतात.

कव्हरं, टॅग आणि पिना हा वेगळाच त्रास. ज्या कोपऱ्यात पिना असतात तिथं गठ्ठा डोंगरासारखा वर येतो, म्हणून फोटो नेहमी त्याच्या विरुद्ध बाजूनं. पुठ्ठे किती ते मोजून त्यांची जाडी वजा करायची. आणि कागद म्हणजे पान नव्हे, हे बिलाच्या वेळी भांडण होण्याआधी बोलून घ्यायचं: आम्ही रेट बाजूवर लावतो, म्हणून वेगवेगळ्या ठिकाणचे वीस-पंचवीस कागद उलटून किती पाठपोट आहेत ते गिऱ्हाइकालाच बघायला सांगतो. वरच्या गठ्ठ्यात चारातला एक पाठपोट होता, म्हणजे सतराशे कागदांच्या साधारण एकवीसशे बाजू.

ज्याला ही पद्धत लागू पडत नाही ते काम सरळ बघायला जातो. दोन-तीन घड्या घातलेले नकाशे असले की एक कागद चार-आठ कागदांची जाडी दाखवतो. रुमालात बांधलेली जुनी दप्तरं तर मधे फुगीर आणि कडेला चपटी, त्यात चिठ्ठी घालायला गेलं की कागदाचा तुकडाच हातात येतो. शिवलेल्या खतावण्यांची पाठ जाड असते, पण त्यांच्या पानांवर बहुतेक वेळा नंबर छापलेले असतात, तिथं फोटोऐवजी शेवटच्या पानाचा नंबर फोनवर विचारला की काम होतं.