पेन्सिलीने लिहिलेला नंबर

आज सांगलीत घेतलेल्या जुन्या व्याकरणाच्या पुस्तकात, मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला, पेन्सिलीने एक सहा आकडी नंबर लिहिलेला दिसला आणि त्याखाली ‘निकाल लागला की लगेच कळव’ एवढेच शब्द होते.

बाबा म्हणाले, “हा जुना लँडलाइन नंबर आहे गं. नंतर अशा नंबरांच्या आधी 2 लागला. मोबाईलवरून त्याही आधी 0233 लावावा लागेल.”

म्हणजे फोन लावता येईल. परंतु बंद केलेला लँडलाइन नंबर पुढे दुसऱ्या घराला दिला जातो, त्यामुळे उचलणारी व्यक्ती निकालाची वाट पाहणारी असेलच असे नाही, आणि तीच असली तर इतक्या वर्षांनी तिला मी नेमके काय सांगायचे?

‘लगेच’ या शब्दाखाली दोन रेघा ओढलेल्या आहेत. तुम्ही फोन लावला असता का?