आमची वाटचाल : पोकलेन ते टग

मिरजेत आमचे दोन पोकलेन. महिन्याच्या भाड्याने मशीन दिलं की ऑपरेटर आमचा, दुरुस्ती आमची आणि डिझेल घेणाऱ्याचं, असा हिशेब वर्षानुवर्षं अंगवळणी पडलेला. एका बंदराच्या कामावर मशीन गेलं तेव्हा तिथे जुना टग, म्हणजे मोठी जहाजं ओढणारी छोटी ताकदवान बोट, विक्रीला असल्याचं कळलं. कर्ज काढून तो घेतला.

पहिला करार टाइम चार्टरचा होता, म्हणजे पोकलेनसारखाच. टग चालवणारा सारंग, इंजिन ड्रायव्हर आणि खलाशी मिळून सातजण आमच्या पगारावर; जहाजाचा विमा, इंजिन ऑइल, दुरुस्ती आमच्याकडे. डिझेल आणि बंदराची फी मात्र भाडेकरूची. ताबा देताना दोघांची माणसं टाकीत साउंडिंग टेप सोडून डिझेल मोजायची, त्यावर दोघांच्या सह्या व्हायच्या. भाडं दिवसाला ४० हजार, म्हणजे महिन्याला १२ लाख. त्यातून पगार-जेवणाला साडेतीन आणि विमा-दुरुस्तीला दोन लाख गेले, की साडेसहा लाख उरायचे.

पुढे गिअरबॉक्स गेला. चार दिवस टग धक्क्याला बांधून होता. मशीन बंद तर भाडं बंद, याला ऑफ-हायर म्हणतात. १ लाख ६० हजार बुडाले, गिअरबॉक्सचा खर्च वेगळा आणि खलाशांचे पगार चालूच. सांगलीहून आंबा घाटातून फेऱ्या मारून मी थकलो.

म्हणून पुढचा करार बेअरबोट केला. यात नुसतं जहाज द्यायचं. माणसं, विमा, दुरुस्ती, डिझेल सगळं भाडेकरूचं, आणि टग बंद पडला तरी आमचं भाडं चालू. दर दिवसाला २१ हजार, म्हणजे महिन्याला ६ लाख ३० हजार. आधी उरायचे त्यापेक्षा वीस हजार कमी, पण डोक्याला ताप नाही असं वाटलं.

पाचव्या महिन्यात भाडेकरूच्या सारंगाचा फोन आला. "साहेब, दोन महिने पगार नाही. आम्ही टगवर दावा लावणार." मी म्हटलं, माणसं तुमच्या मालकाची, माझा काय संबंध? वकिलांनी समजावलं, तेव्हा पायाखालची जमीन सरकली. २०१७ च्या अॅडमिरल्टी, म्हणजे जहाजांवरच्या दाव्यांच्या, कायद्याप्रमाणे खलाशांच्या पगाराचा बोजा जहाजावरच बसतो आणि तो सगळ्यात आधी फेडावा लागतो. नोकरीवर ठेवणारा दुसरा असला तरी कोर्ट टग अडकवू शकतं. बँकेचा हप्ता तर माझ्याच नावावर होता. मी पगार भागवले आणि ती रक्कम भाडेकरूच्या अनामतीतून वळती केली. त्या खलाशांच्या घरी पैसे पोचले, याचं मला आजही समाधान आहे.

त्याच वेळी विम्याची पॉलिसी मागवली. तिच्यावर फक्त भाडेकरूचं नाव होतं. टग बुडाला असता तर भरपाईच्या कागदावर आम्ही नव्हतोच. आता बेअरबोट करारात आमचं आणि बँकेचं नाव पॉलिसीवर असल्याशिवाय ताबा देत नाही. दर महिन्याच्या दहा तारखेला खलाशांच्या सहीचा पगारपट मागतो आणि तो आला नाही तर जहाज परत घेण्याचा हक्क लिहून घेतो.


सध्या टग पुन्हा टाइम चार्टरवर आहे. पहिल्या करारातला सारंगच परत आलाय आणि सुटा गिअरबॉक्स मिरजेच्या शेडमध्ये तयार ठेवलाय.