ब्रेक न लागणारा नायक

त्या दिवशी आमच्या गेमच्या चाचणीला बसलेल्या सहाही जणांच्या तोंडी एकच शब्द होता: जड. "पळतो बरा, पण थांबवायला गेलं की घसरत पुढे जातो," असं एक जण म्हणाला. एकीचा नायक तर कड्यावरून दोनदा खाली गेला.

आमचा नायक सेकंदाला ५ मीटर पळतो. कंट्रोलरची स्टिक सोडल्यावर तो ०.३५ सेकंदांत थांबायचा. याच तक्रारीवरून आदल्या आठवड्यात आम्ही ते ०.१५ वर आणलं होतं. अ‍ॅनिमेटर नाराज होता, कारण थांबताना पाय रोवून खांदे मागे घेण्याची त्याची सगळी मेहनत त्यात कापली गेली होती. तरीही तक्रार जागच्या जागी. आमच्या टेबलांवर मात्र तोच गेम चपळ वाटायचा. त्यामुळे "लोकांना सवय नाही" म्हणून विषय मिटायच्या बेतात होता. कॅमेऱ्याचा कोड माझा, तेव्हा मलाही ते सोयीचंच होतं.

दुपारी मी रेकॉर्डिंग एकेक फ्रेम सरकवत पाहिलं. स्टिक सुटते, चार-पाच फ्रेम्सनी पाय थांबतात. नायक स्तब्ध उभा. पण त्याच्या पायाखालच्या फरश्या पडद्यावर अजून हलताहेत आणि तो स्वतः मोठा मोठा होत चाललाय. मागे पडलेला कॅमेरा त्याला गाठायला येत होता, आणि हे जवळजवळ दोन सेकंद चाललं होतं. खेळणाऱ्याला पाय दिसत नाहीत, त्याला चित्र दिसतं. चित्र हलतंय म्हणजे नायक थांबलेला नाही, असंच तो समजणार.

पण मग आमच्याकडे हे का दिसत नव्हतं? उत्तर माझ्याच एका ओळीत होतं:

```
cam = lerp(cam, target, 0.05)
```

दर फ्रेमला उरलेल्या अंतराचा विसावा भाग कापायचा, असा तिचा अर्थ. आमच्या मशीनवर सेकंदाला ६० फ्रेम्स, म्हणजे ६० वेळा कापणी. चाचणीच्या खोलीतली मशीन जुनी, तिथे ३०. कापणी निम्मी झाल्यावर कॅमेरा दुप्पट मागे पडणारच. हिशेब मांडला: पूर्ण वेगात आमच्याकडे तो साधारण १.६ मीटर मागे राहायचा, त्यांच्याकडे ३.२. ३० फ्रेम्सवर बटणाचा परिणामही जरा उशिरा दिसतो, हे खरं. पण तो उशीर निघतानाही जाणवला असता, आणि तक्रार फक्त थांबण्याची होती.

ओळ बदलली:

```
cam = lerp(cam, target, 1 - exp(-dt / tau))
```

इथे dt म्हणजे फ्रेमला लागलेला वेळ आणि tau म्हणजे कॅमेऱ्याने किती वेळ मागे रेंगाळायचं ते, त्यामुळे फ्रेम्स कितीही असल्या तरी मागे पडणं तेवढंच. आडव्या दिशेला tau ०.०८ सेकंद ठेवला. कॅमेरा आता जेमतेम ४० सेंटिमीटर मागे राहतो. शून्य करून पाहिला होता, पण मग नायक पडद्यावर चिकटवल्यासारखा दिसतो आणि वेग जाणवतच नाही. उभ्या दिशेला मात्र ०.३ च राहू दिला, नाहीतर पायऱ्या चढताना दर पायरीला चित्र हिसके खातं.

संध्याकाळी तेच सहा जण पुन्हा बसले. पाच जणांनी "हलका केलात" म्हणून सांगितलं. नायकाला आम्ही हातही लावला नव्हता. कड्यावरून पडणारी मात्र म्हणाली, "शत्रूच्या बाजूने पळताना तो माझं ऐकत नाही."

तिच्या स्टिकची नोंद काढली. डावीकडे धरलेली स्टिक सारखी थोडी वर ढकलली जात होती, करवतीच्या दात्यांसारखी. आमच्याकडे दिशा कॅमेऱ्यावरून ठरते: स्टिक डावीकडे म्हणजे पडद्याच्या डावीकडे. आणि कॅमेरा आपणहून सेकंदाला ४० अंशांनी वळत नायकाच्या पाठीमागे जायला बघतो. कॅमेरा वळला की "डावीकडे"चा अर्थही वळतो. परिणामी स्टिक सरळ धरूनही नायक सुमारे ७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात धावतो, आणि ती बिचारी दर क्षणी तो बाक सरळ करत होती. १९९६ च्या रेसिडेंट ईव्हिलमधल्या 'रणगाडा' नियंत्रणाला लोक हसतात, पण तिथे वर म्हणजे पात्राच्या नाकासमोर; कॅमेरा कितीही उड्या मारो, दिशा उलटत नाही.

आम्हाला तितकं मागे जायचं नव्हतं. लढाई सुरू असताना कॅमेऱ्याचं आपोआप वळणं बंद केलं. एरवी ते चालू राहतं, पण उजव्या स्टिकला हात लागला की दीड सेकंद गप्प बसतं.

निघताना अ‍ॅनिमेटर मागे उभा होता. ०.१५ सेकंदांचं थांबणं आता झटका दिल्यासारखं दिसत होतं. त्याने जुनी फाईल पुसलेलीच नव्हती. आम्ही ०.३५ परत लावलं, आणि नायकाने पाय रोवून खांदे मागे घेतले.