केसपेपरवरची ती एक ओळ

केसपेपरवर 'मुख्य तक्रार' अशी एक ओळ असते, जेमतेम वीतभर. त्या ओळीत मी लिहिलं, 'झोप लागत नाही, उदास वाटतं', आणि त्यापायी माझे सात महिने गेले. त्या ओळीचा मला अजून राग येतो. ती वाचून त्यापलीकडे एकही प्रश्न न विचारणाऱ्या मानसोपचाराच्या ओपीडीचाही येतो.

खरी तक्रार उजव्या गालाची होती. मुरुमांनी मागे ठेवलेले तीन-चार बारीक खड्डे. सकाळी बाथरूमच्या ट्यूबलाइटखाली आरशाला नाक टेकेल इतका जवळ जाऊन मी ते बघायचो. मग खिडकीच्या उजेडात, मग मोबाइलच्या कॅमेऱ्यात, मग पुन्हा आरशात. बोट फिरवताना काही खडबडीत लागलं की नखाने कोरायचो. तिथे लाल व्हायचं, आणि मग त्या लालीमुळे दिवसभर घराबाहेर पडणं नको वाटायचं. गाल झाकायला दाढी वाढवली. कुठेही बसताना उजवी बाजू भिंतीकडे येईल अशीच जागा धरायची.

आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो होतो. त्यांनी त्वचेचा वरचा थर काढणारं पील केलं, खड्डे थोडे भरलेही. पंधरा दिवस बरं वाटलं आणि मग नजर नाकाशेजारच्या छिद्रांवर जाऊन बसली. दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञांनी भिंग लावून गाल पाहिला आणि म्हणाले, "उपचार करण्यासारखं इथे काही नाही." हे त्यांचं बरोबर होतं. पण मग जायचं कुठे, हे त्यांनी सांगितलं नाही.

म्हणून ती ओपीडी. दर महिन्याला दीड-दोन तास बाकावर बसायचं आणि पाच मिनिटं आत. झोप कशी आहे? भूक? कामावर जाता ना? मी हो म्हणायचो. तिथल्या डॉक्टरांनी नैराश्याची गोळी अगदी कमी डोसमध्ये सुरू केली. झोप सुधारली, पण आरसा तसाच राहिला. मला वाटलं, औषध आपल्याला लागूच पडत नाही. नंतर कळलं की त्याच गटातली औषधं माझ्या आजारावरही चालतात, पण त्याला बऱ्याचदा नैराश्यापेक्षा जास्त डोस लागतो आणि पुरेशा डोसवर साधारण बारा आठवडे थांबावं लागतं. माझ्या कागदावर तो आजारच नव्हता, मग डोस वाढवणार तरी कोण?

मी का बोललो नाही? लाज. सत्तावीस वर्षांचा माणूस गालाचं रडगाणं घेऊन आलाय, असं त्यांना वाटेल ही भीती. एकदाच धीर केला, तोही उठता उठता, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. म्हणालो, "आणि जरा चेहऱ्याचं टेन्शन येतं." डॉक्टर म्हणाले, "अहो, ते सगळ्यांनाच असतं," आणि पुढच्या पेशंटसाठी बेल वाजवली. त्या एका वाक्यानंतर मी चार महिने तोंड उघडलं नाही.

सगळ्यांना असतं ते वेगळं, आणि ते मी माझ्याच घरात बघत होतो. माझ्या ताईला तिचे पुढचे दात आवडत नाहीत. फोटो काढायचा म्हटलं की ती कुरकुरते, ओठ मिटून हसते, आणि फोटो झाला की दात विसरून जेवायला बसते. तिने दातांपायी एकही लग्न चुकवलं नाही. मी चुलतभावाच्या लग्नाला गेलो नव्हतो. कारण सांगितलं होतं ताप.

आठव्या महिन्यात आमचे डॉक्टर रजेवर होते आणि त्यांच्या जागी एक मॅडम बसल्या होत्या. त्यांनी केसपेपर वाचला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "बोलताना तुम्ही सारखा गालावर हात ठेवताय. दिसण्याबद्दल काही त्रास होतो का?" मला रडू आलं. मग त्यांनी एकेक करून विचारलं. दिवसातला किती वेळ त्या विचारात जातो? त्यासाठी काय काय परत परत करता? त्यापायी काय करणं सोडलंत? काळजी फक्त वजनाची किंवा जाडीची आहे का? शेवटचा प्रश्न मला कळला नाही. तसं असेल तर खाण्यापिण्याच्या विकाराची वेगळी तपासणी करावी लागते, असं त्या म्हणाल्या.

वेळ मी 'अर्धा तास' सांगितला. त्या म्हणाल्या, आठवडाभर घड्याळ लावून लिहा. लिहिलं. रोजची सरासरी निघाली तीन तास दहा मिनिटं. ढोबळ खूण अशी की रोज तासभर किंवा जास्त वेळ त्यात जात असेल, आरसा, झाकणं, कोरणं, विचारणं, तुलना यातलं काही थांबवता येत नसेल आणि काम, शिक्षण किंवा माणसं सुटत चालली असतील, तर ती नुसती नावड नाही. व्यंग किती मोठं आहे यावर हे ठरत नाही. या आजाराचं नाव बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर, आणि तो ओसीडीच्या, म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती परत परत करायला लावणाऱ्या आजाराच्या कुळातला आहे. मॅडमनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली: "गाल कसा आहे यावर आपण वाद घालायचा नाही. ते तीन तास कसे परत मिळवायचे ते बघायचं." गाल चांगला आहे हे मला पटेपर्यंत त्या थांबल्या असत्या, तर मी आजही बाकावरच असतो.

पुढचं त्यामानाने सरळ झालं. डोस टप्प्याटप्प्याने वाढवला आणि सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी थेरपी, सुरू झाली. सायकॉलॉजिस्टने आरशापासून हातभर लांब उभं राहून कपाळापासून हनुवटीपर्यंत अख्खा चेहरा साध्या शब्दांत सांगायला शिकवलं. 'भुवया काळ्या, गाल गव्हाळ' असं सांगायचं, 'भयानक' म्हणायचं नाही. मग दाढी काढून लोकांत जायचं आणि गालाला हात न लावता तिथेच थांबायचं. पहिल्या दिवशी छाती इतकी धडधडली की वीस मिनिटांनीच परत आलो. चौथ्या दिवशी तासभर थांबलो, आणि त्याचा मला अभिमान आहे.

एक राहिलं. मी आईला दिवसातून दहा वेळा विचारायचो, "दिसतंय का गं?" ती "नाही रे" म्हणायची, आणि ते जेमतेम पाच मिनिटं पुरायचं. सायकॉलॉजिस्टने तिला बोलावून हे उत्तर देणं बंद करायला लावलं. आता ती म्हणते, "याचं उत्तर मी देणार नाही, चल, बाहेर बसू." पहिले काही दिवस मी तिच्यावर चिडलो. घरच्यांना पहिल्या महिन्यातच सोबत न्या.

आणि डॉक्टरांकडे जाताना घरूनच चिठ्ठी लिहून न्या: 'दिसण्याच्या विचारात रोज इतका वेळ जातो, त्यामुळे हे हे सोडलं आहे.' तोंडातून शब्द निघाला नाही तर चिठ्ठी पुढे सरकवा. उठताना नाही, बसल्या बसल्या. सर्जरीची किंवा आणखी एखाद्या पीलची तारीख घेतली असेल तर ती आधी पुढे ढकला, कारण या आजारात त्याने समाधान क्वचितच टिकतं. जगणं नको असे विचार येत असतील तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. या आजारात ते बरेचदा येतात, मलाही आले होते. त्याच दिवशी घरातल्या कुणाला तरी सांगा आणि त्यांना घेऊन इमर्जन्सीत जा.

गेल्या आठवड्याची माझी सरासरी पस्तीस मिनिटं आहे. वही अजून चालू आहे. नवीन केसपेपर काढला तेव्हा त्या ओळीत मी स्वतःच्या हाताने आजाराचं पूर्ण नाव लिहिलं. मावलं नाही, म्हणून समासात लिहिलं.