चार लिटर पाणी प्यायले, पण लघवी किती झाली?

मी कोल्हापुरात किडनीविकारतज्ज्ञ म्हणून काम करतो. एका एप्रिल महिन्यात एकाच घरातले दोन रुग्ण मी एकाच दिवशी तपासले आणि दोघांच्याही बाबतीत ‘रोज चार लिटर पाणी प्या’ हा एकच सल्ला दोन वेगळ्या तऱ्हांनी चुकीचा ठरला होता.

पहिल्या रुग्ण होत्या अडुसष्ट वर्षांच्या आई. दोन दिवस डोके दुखत होते, मळमळत होते आणि त्या सकाळी त्या नातवंडांची नावे एकमेकांना देऊ लागल्या, तेव्हा अर्धांगाचा झटका असेल या धास्तीने घरच्यांनी त्यांना दाखल केले. मेंदूचा सीटी स्कॅन निर्दोष होता. रक्तातले सोडियम मात्र ११८ होते, जे एरवी १३५ ते १४५ च्या दरम्यान असते. रक्तदाबासाठी त्या घेत असलेल्या गोळीत लघवीवाटे मीठ बाहेर टाकणारे औषध होते. अशा औषधामुळे, विशेषतः उतारवयातल्या स्त्रियांमध्ये, जास्तीचे पाणी बाहेर टाकण्याची किडनीची क्षमता कमी होते. मग प्यायलेले पाणी शरीरात साठते, रक्तातले सोडियम पातळ होत जाते आणि मेंदूच्या पेशींना सूज येते.

“रोज पाणी किती पितात?” असे विचारल्यावर मुलगा म्हणाला, “सर, मला खडा झाल्यापासून घरात सगळ्यांनाच चार लिटर लावलंय. आईला जात नव्हतं, पण मी मागं लागून पाजायचो.”

आम्ही ती गोळी थांबवली, पाण्यावर मर्यादा घातली आणि जास्त मिठाचे सलाईन मोजून, सावकाश दिले. कारण सोडियम एकदम वर नेले तर मेंदूला वेगळीच आणि कधी कधी कायमची इजा होते. तिसऱ्या दिवशी त्या मला माझे गाव विचारू लागल्या. त्यांच्या लघवीचा रंग या सगळ्या काळात नेहमीसारखा फिकट पिवळाच होता, हे मी मुद्दाम नोंदवतो. रंगावरून हा धोका घरी कोणाला कळला नसता.

आईची व्यवस्था लावल्यावर मी मुलाकडे वळलो, कारण मुतखड्याच्या तपासणीसाठी त्याची माझ्याकडे त्याच दिवसाची वेळ ठरलेली होती. वय अडतीस, शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत भट्टीवर काम. दोन वर्षांपूर्वी दुर्बिणीतून खडा काढलेला, तो कॅल्शियम ऑक्झलेटचा होता. आता सोनोग्राफीत डाव्या किडनीच्या खालच्या कप्प्यात ४ मिलिमीटरचा नवा खडा दिसत होता. “एवढं पाणी पिऊनही परत खडा होतोच कसा?” हा त्याचा प्रश्न रास्त होता.

त्याने चोवीस तासांची लघवी गोळा करून आणली होती. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी सोडून द्यायची आणि त्यानंतरची प्रत्येक, दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीसह, प्रयोगशाळेने दिलेल्या कॅनमध्ये साठवायची, अशी ही तपासणी असते. मी त्याला कामावरच्या वेळेसाठी वेगळा कॅन दिला होता, आणि उत्तर त्यातच होते. कामावर जाण्यापूर्वीची लघवी ९०० मिलिलिटर, जवळजवळ रंगहीन. संध्याकाळ आणि रात्र मिळून ५५०. भट्टीवरच्या आठ तासांच्या कॅनमध्ये फक्त १५० मिलिलिटर होती आणि तिचा रंग गडद, तांबूस पिवळा होता. एकूण १६०० मिलिलिटर झाली.

तो उठल्याउठल्या दीड लिटर पाणी एका बैठकीत संपवत असे. त्यातले बरेचसे दोन तासांत बाहेर पडत असे. कामावर जेमतेम अर्धा लिटर पोटात जाई, कारण पाण्याची टाकी लांब आणि स्वच्छतागृह त्याहून लांब. उरलेले पाणी तो घरी परतल्यावर पीत असे. भट्टीसमोर घाम मात्र लिटरांनी जात होता. म्हणजे लघवी सकाळी गरजेपेक्षा पातळ आणि दिवसभर दाट. खड्याचे स्फटिक बनतात ते दाट लघवीत. सकाळच्या पातळ लघवीने दुपारची भरपाई होत नाही.

म्हणूनच ज्याला एकदा खडा झाला आहे, त्याला आम्ही पाणी किती प्यावे यापेक्षा लघवी किती व्हावी हे सांगतो: चोवीस तासांत सुमारे अडीच लिटर. या सल्ल्याला भक्कम आधार आहे. इटलीत पहिल्यांदाच खडा झालेल्या रुग्णांवर पाच वर्षे चाललेला एक अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लघवी दोन लिटरांवर ठेवणाऱ्यांपैकी सुमारे १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, तर पाण्याबाबत काहीच न बदललेल्यांपैकी २७ टक्क्यांना. फायदा मोठा आहे, पण पाणी पिणाऱ्यांनाही खडे झालेच, हेही त्याच आकड्यांत दिसते. शिवाय हा पुरावा खडा झालेल्यांपुरता आहे. त्यावरून घरातल्या प्रत्येकाला चार लिटर पाजण्याचे कारण निघत नाही.

त्याच्यासाठी आम्ही वेळापत्रक बदलले. सकाळी दोन ग्लास पुरे. दोन लिटरची बाटली भट्टीजवळ ठेवायची आणि घोटाघोटाने पाळी संपेपर्यंत रिकामी करायची. झोपण्यापूर्वी एक ग्लास, रात्री लघवीला उठल्यास आणखी अर्धा, कारण रात्रीची लघवी आपोआपच दाट असते. उन्हाळ्यात त्याचे एकूण पाणी पाच लिटरांच्या घरात जाईल, डिसेंबरात बरेच कमी लागेल. वातानुकूलित कचेरीत बसणाऱ्याला तीन लिटरांतच तेवढी लघवी होऊ शकेल.

रंगाची खूण मी त्याला दुपारच्या लघवीसाठी वापरायला सांगितली. फिकट पिवळी असली की झाले. पाण्यासारखी पांढरी करण्याचा अट्टहास नको. सकाळची पहिली लघवी गडद असणारच, तिच्यावरून निष्कर्ष काढू नये. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीने लघवी भडक पिवळी होते, क्षयरोगावरच्या रिफाम्पिसिनने नारिंगी. त्यात पाण्याचा संबंध नसतो. लाल किंवा चहाच्या रंगाची लघवी मात्र पाणी वाढवून घरी बघत बसण्याची गोष्ट नव्हे, ती डॉक्टरांना दाखवावी.

खड्याच्या भीतीने त्याने दूध-दही बंद केले होते, ते मी पुन्हा सुरू करायला लावले. जेवणातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते. ते बंद केले की ऑक्झलेट मोकळे राहून लघवीत जास्त उतरते. आवरायचे होते ते मीठ, कारण मिठाबरोबर लघवीतले कॅल्शियम वाढते. रोजचे लोणचे, पापड आणि घामाची भरपाई म्हणून तो स्वतःच घेत असलेले खारट सरबत कमी केले. लिंबूपाणी बिनमिठाचे चालेल. लिंबातले सायट्रेट खड्याला थोडा विरोध करते, पण त्याने बनलेला खडा विरघळत नाही.

दीड महिन्याने त्याची लघवी २४०० मिलिलिटर भरली, त्यातली ७०० कामावरच्या कॅनमधली. खडा तिथेच आणि तेवढाच होता. कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा पाण्याने विरघळत नाही, तो वाढू नये आणि नवा होऊ नये एवढेच पाणी करू शकते, हे मी त्याला आधीच सांगितले होते. कळ आलीच तर खडा ढकलण्यासाठी लिटरभर पाणी एकदम पिऊ नये, कारण मार्ग अडलेला असताना त्याने दुखणेच वाढू शकते. आणि कळेबरोबर थंडीताप आला तर रात्र न काढता थेट रुग्णालयात यावे, असे मी त्याच्या कागदावर लिहून दिले. आईच्या कागदावर वेगळे लिहिले: रक्तदाबाची गोळी बदललेली, पाणी तहानेपुरते, आठवड्याने सोडियमची तपासणी.