रविवारी झारा ठोकायचा नाही

आमच्या जिन्यात घरमालकाने नियमांचा कागद लावलाय. जर्मनीत असे कागद सगळीकडेच असतात. रविवारी ड्रिल नाही, हातोडी नाही, गवत कापायचं यंत्र नाही. झाऱ्याचा उल्लेख त्यात नाही, हे मी मुद्दाम जाऊन पाहून आलो. कारण दिवाळीच्या आधीच्या रविवारी मी लाडवांसाठी बुंदी पाडत होतो आणि खालच्या मजल्यावरच्या आजी दारात उभ्या राहून अगदी सौम्यपणे विचारत होत्या, "तुमच्याकडे आज खिळे ठोकताय का?"

आता दिवाळीला इथे सुट्टी नसते, मग रविवारी नाही तर कधी करायचं? आठवडाभर संध्याकाळी घरी येऊन बुंदी पाडायची म्हटली तर रात्री दहानंतरची शांतता आडवी येते. मी त्यांना आत बोलावून झारा दाखवला. त्या मान डोलावून गेल्या, पण मला टोचलं. आमच्याकडे लग्नाचा आचारी झारा कढईच्या काठावर ठाण ठाण आपटतो तेव्हा मांडवात कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही. उलट बुंदी निघाली म्हणून पोरं धावत येतात.

पण राग शांत झाल्यावर मी दुसऱ्या घाण्याला आवाज न करता बुंदी पाडून पाहिली, आणि खरं सांगायचं तर ती जास्त चांगली पडली. ठोकणं लागतं कारण बहुतेक घरांत पीठ दाट असतं. दाट पीठ भोकात अडकतं, मग ते आपटून खाली पाडावं लागतं आणि कळीला शेपटी येते. मोठ्या कढईवर पटापट काम उरकणाऱ्या आचाऱ्याची गोष्ट वेगळी. तो वेगासाठी ठोकतो. आपण बहुतेक वेळा पिठातलं पाणी कमी पडलं म्हणून ठोकतो.

दोन वाट्या बारीक डाळीच्या पिठाला साधारण सव्वा ते दीड वाटी पाणी लागतं. ते एकदम ओतायचं नाही. आधी अर्ध्या पाण्यात घट्टसर भिजवून गुठळ्या पूर्ण मोडायच्या, मग उरलेलं थोडं थोडं घालत फेटायचं आणि पंधरा मिनिटं झाकून ठेवायचं. पीठ मुरताना पाणी पितं, म्हणून सैलपणा ठरवायचा तो मुरल्यानंतर. इथल्या सुपरमार्केटात मिळणारं काबुली चण्याचं पीठ जरा भरड असतं आणि पाणी जास्त पितं. त्याला दीड वाटीचं माप पुरेलच असं नाही. मी भारतीय दुकानातलंच आणतो. महाग पडतं, पण त्यात माझी माघार नाही.

माप कितीही सांगितलं तरी खरी परीक्षा तेलातल्या थेंबाची. चमच्याच्या टोकावरून एक थेंब गरम तेलात सोडायचा. तो खाली जाऊन लगेच गोल होऊन वर आला तर पीठ आणि तेल दोन्ही ठीक. लांबट झाला, मागे शेपूट राहिली, तर पीठ दाट आहे. चमचाभर पाणी घाला. पापडीसारखा पसरला तर पीठ पातळ आहे, त्यात चमचाभर पीठ मिसळून पुन्हा फेटा. तळाशीच बसून राहिला तर पिठाला बोल लावू नका, तेल थंड आहे.

झारा तेलापासून वीतभरापेक्षा थोडा खाली धरायचा. फार खाली आणला तर वाफेने झाऱ्यातलंच पीठ शिजतं आणि भोकं बुजतात. फार वर नेला तर थेंब आपटून चपटे होतात आणि तेल हातावर उडतं. झाऱ्यावर अर्धी पळीच पीठ ओतायचं आणि हात स्थिर ठेवायचा. पीठ बरोबर असेल तर ते आपोआप थेंबाथेंबाने गळतं. वरून चमच्याने दाबायचं नाही. गळणं मंदावलं की उरलेलं पीठ परत भांड्यात, आणि झारा दोन्ही बाजूंनी कापडाने पुसायचा. खालची बाजू पुसणं लोक टाळतात, आणि तिथेच चुकतं. तिथे पिठाचा थर राहिला की शेजारशेजारच्या भोकांतले थेंब त्यावरून एकमेकांना चिकटतात आणि पुढच्या घाण्यात जोडकळ्या पडतात.

आता शेगडीबद्दल. काचेची ती सपाट शेगडी दिसायला देखणी, पुसायला सोपी, इथे येणारा प्रत्येक पाहुणा तिचं कौतुक करतो. तळणाला मात्र तिच्यासारखा दगाबाज प्रकार नाही. आतली तार आपल्या मर्जीने लाल होते, विझते, पुन्हा लाल होते. तेल धुरावलं म्हणून आच कमी करा, काच तापलेलीच असते. मिनिटभर तरी काही फरक पडत नाही. घरून आणलेली गोल बुडाची कढई काचेला फक्त मधोमध टेकते, बाकी हवेत. गॅसवर ज्योत डोळ्यांना दिसते, बटण फिरवलं की लगेच ऐकते. या बाबतीत जर्मन अभियांत्रिकीचं गुणगान माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही.

यावर मला सापडलेला उपाय असा: आच बदलायचीच नाही, घाणा बदलायचा. सपाट बुडाचं, जाड बिडाचं, वीसेक सेंटिमीटर रुंद भांडं घ्यायचं. त्यात लिटरभर तेल घातलं की दोन बोटांच्या आसपास खोली मिळते. शेगडी मध्यमाच्या जरा वर ठेवून तेल 175 ते 180 अंशांवर येऊ द्यायचं. थर्मामीटर लावायला मला लाज वाटत नाही. पीठ पडलं की तापमान घसरणारच, म्हणून कळ्या इतक्याच पाडायच्या की तेलाचा पृष्ठभाग पूर्ण झाकला जाणार नाही. घाणा काढल्यावर तेल पुन्हा 175 वर येईपर्यंत थांबायचं. हे थांबणं जिवावर येतं, पण घाई केली तर बुंदी तेल पिते आणि मऊ, तेलकट होऊन बसते.

कधी काढायची हे कानाने कळतं. पडल्या पडल्या तेल जोरात चरचरतं, बुडबुडे मोठे असतात. ते कळीतलं पाणी उडून जाताना होतं. लाडवाची बुंदी बुडबुडे कमी झाले, पण आवाज चालू आहे, अशा वेळी काढायची. साधारण पाऊण ते एक मिनिट. बोटात दाबली तर कळी दबली पाहिजे, कुरकुरीत नको, कारण कडक कळीत पाक शिरत नाही आणि लाडू वळताना सुटतो. एकतारी पाक गरम असतानाच ती त्यात टाकायची, झाकून मुरू द्यायची आणि कोमट असतानाच लाडू वळायचे.

रायत्याची बुंदी उलट. पिठात चिमूटभर मीठ घालायचं आणि आवाज जवळजवळ बंद होईपर्यंत, दीड-दोन मिनिटं तळायची. पाणी गेलं की चरचर थांबते. त्यानंतर ठेवली तर नुसती काळी होईल. कागदावर पसरून पूर्ण गार होऊ द्यायची आणि मगच डब्यात भरायची, नाहीतर आतल्या वाफेने मऊ पडते. दह्यात घालण्याआधी ती कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं भिजवून हलक्या हाताने पिळा. तशीच घातली तर ती दह्यातलं पाणी ओढून घेते आणि तासाभरात रायत्याचा गोळा होतो. इथलं दही आधीच घट्ट असतं, त्यामुळे त्यात थोडं दूध घालावंच लागतं.