भाडं कमी म्हणून नव्हे

परदेशातल्या नोकरीचं पत्र हातात आलं तेव्हा रुजू व्हायला पाच आठवडे होते. शेवटी दोन खोल्या उरल्या. एक तिघांच्या घरातली, शहराच्या टोकाला. दुसरी स्वतंत्र, ऑफिसपासून चालत पंधरा मिनिटांवर. परक्या चलनात डोकं चालेना, म्हणून हातात येणारा मासिक पगार १०० धरला आणि सगळे आकडे त्या मापात मांडले.

शेअरिंगचं भाडं २८, स्वतंत्र खोलीचं ३६. फरक आठचाच, म्हणून मन स्वतंत्र खोलीकडे धावलं. पण २८ मध्ये वीज आणि इंटरनेट धरलेलं होतं, ३६ मध्ये काहीच नाही. इंटरनेटचे २ तर उघडच होते, कारण ते एकटीने वापरा नाहीतर तिघांनी, बिल तेवढंच येतं.

खरी मेख हीटिंगमध्ये होती. व्हिडिओ कॉलवर मालकीणबाईंना म्हटलं, "जरा खिडकीखाली कॅमेरा फिरवता का?" भिंतीवर विजेचा हीटर, प्लग लावलेला. मग "महिन्याला साधारण किती येतं" हे न विचारता मागच्या जानेवारीचं बिलच मागितलं. ते माझ्या मापात ९ निघालं. वर्षाची सरासरी ५ पडत होती, पण मी पोहोचणार होते थंडीच्या तोंडावर. म्हणजे सरासरीने ४३ आणि ऐन थंडीत ४७.

आता प्रवास. शेअरिंगच्या खोलीवरून मासिक पासाचे ६ धरले की ३४. नकाशावर अंतर पस्तीस मिनिटांचं दिसत होतं, पण मी ते रात्री बघत होते, म्हणजे तिथल्या भरदुपारी. मंगळवारी सकाळी नऊला पोहोचायचं असं टाकल्यावर पन्नास मिनिटं आली, तीही एक गाडी बदलून. स्वतंत्र खोलीपेक्षा जाता-येता सत्तर मिनिटं जास्त. बावीस दिवसांचे साधारण सव्वीस तास. फरक ९, पगाराच्या हिशेबाने त्या तासांची किंमत त्याहून जास्त. कागदावर स्वतंत्र खोलीच जिंकत होती!

तरी मी शेअरिंग घेतलं, कारण स्वतंत्र खोलीला दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि पहिलं भाडं मिळून १०८ लागत होते, म्हणजे पहिला पगार यायच्या आतच एका पगाराहून जास्त. इकडे ५६ मध्ये भागत होतं. करार मात्र एक महिन्याच्या नोटिशीचा करून घेतला. शेवटची गाडी किती वाजता सुटते तेही बघून ठेवलं.

एक गोष्ट नजरेतून सुटली. "बिलांसह" म्हणजे अमुक युनिटपर्यंत, असं करारात बारीक अक्षरात होतं. एक रूममेट घरूनच काम करायचा, हीटर दिवसभर चालू. जानेवारीत वरच्या युनिटांचे तीन समान हिस्से झाले. माझ्याकडे २ आले, त्या महिन्यात दिवसा मी घरात जेमतेम आठ दिवस असूनही.